विक्रेत्यानं रिफंड मंजूर केला, तरी खात्यात पैसे का दिसत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तू परत गेली, "रिफंड मंजूर" असा मेसेज आला, आणि चार दिवस झाले तरी पासबुक कोरंच. "पैसा कथा ग्यात?" हा प्रश्न जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्राहकांकडून सगळ्यात जास्त येतो. खालची उत्तरं मुख्यतः डेबिट कार्डानं केलेल्या खरेदीची आहेत, कारण जास्तीत जास्त उशीर तिथंच होतो. यूपीआय, क्रेडिट कार्ड आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं वेगळेपण पुढे सांगितलं आहे.

"रिफंड मंजूर" म्हणजे पैसे निघाले असं समजायचं का?

नाही. मंजूर म्हणजे विक्रेत्यानं त्याच्या स्क्रीनवर "हो, हे पैसे परत द्यायचे" असं बटण दाबलं, एवढंच. त्या क्षणी एक रुपयाही हललेला नसतो. पुढे पेमेंट कंपनी ती विनंती उचलते, म्हणजे ज्या कंपनीच्या पानावर आपण कार्डाचा नंबर टाकला होता ती. मग ती विनंती विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे जाते, तिथून कार्डाच्या नेटवर्ककडे (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे), तिथून आपल्या बँकेकडे आणि शेवटी आपल्या खात्यात.

म्हणून मेसेजमधला शब्द नीट वाचा. "मंजूर", "सुरू केला" आणि "पूर्ण झाला" हे तीन वेगळे टप्पे आहेत. गंमत अशी की "पूर्ण झाला" हासुद्धा पाठवणाऱ्याच्या बाजूनंच लिहिलेला असतो. त्यांचं काम पूर्ण झालेलं असतं, आपल्या बँकेचं अजून बाकी असतं.

पैसे कटले ते दोन सेकंदांत. परत यायलाच एवढे दिवस का?

कारण कटताना जे झालं ते पैशाचं येणं-जाणं नव्हतंच. कार्ड टाकून ओटीपी दिला की आपल्या बँकेला एक निरोप जातो, "या खात्यात एवढी रक्कम आहे का?" बँक म्हणते आहे, आणि तेवढी रक्कम आपल्या शिलकीतून बाजूला काढून ठेवते. आपल्याला वाटतं पैसे विक्रेत्याला मिळाले. त्याला ते मिळतात नंतर, दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांची फाईल बनून बँका-बँकांमधला हिशेब मिटल्यावर. म्हणजे जाताना पैसे तितकेच सावकाश गेले होते, आपल्या डोळ्यांसमोर नव्हते एवढंच.

रिफंड हा त्या जुन्या व्यवहाराचा उलटा नसतो. तो नव्यानं केलेला, विरुद्ध दिशेचा व्यवहार असतो आणि बहुतेक वेळा फाईलनंच जातो. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरभर माल एकदम निघावा तसा एका वेळच्या फाईलमध्ये हजारो रिफंड एकत्र निघतात. आपला एकटा पुढे पळत नाही.

याला एक अपवाद आहे. ऑर्डर दिल्यावर लगेच, म्हणजे विक्रेत्याच्या बाजूनं ती रक्कम अजून मागवलेली नसताना रद्द केली, तर रिफंड करावाच लागत नाही. बाजूला ठेवलेली रक्कम बँक मोकळी करते. अशा वेळी स्टेटमेंटमध्ये नवी जमा दिसेलच असं नाही, कधी कधी आधीची कपातच नाहीशी होते आणि शिल्लक वाढलेली दिसते. "जमा कुठंय?" म्हणून शोधत बसण्याआधी शिल्लक बघा.

एखादं उदाहरण तारखांसकट सांगाल का?

समजा यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ४,२६० रुपयांचा १६ लिटरचा बॅटरीवर चालणारा फवारणी पंप ऑनलाइन मागवला. पंपाचं झाकण फुटलेलं निघालं, म्हणून परत पाठवला. पैसे डेबिट कार्डानं भरलेले होते.

विक्रेत्याच्या गोदामात पंप तपासून शुक्रवारी, १३ जून २०२५ ला संध्याकाळी पावणेआठला रिफंड मंजूर झाला. पेमेंट कंपनीची त्या दिवसाची फाईल तोवर बंद झालेली होती. शनिवार १४ जून हा महिन्यातला दुसरा शनिवार, बँका बंद. १५ ला रविवार. सोमवारी १६ तारखेला पेमेंट कंपनीनं रिफंडची फाईल विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे दिली आणि बँकेनं ती नेटवर्ककडे धाडली. मंगळवारी नेटवर्कनं सगळ्या बँकांचा हिशेब लावला. बुधवारी शेतकऱ्याच्या बँकेला फाईल मिळाली. त्यात कार्डाचा नंबर आहे, तो कुठल्या खात्याचा ते जुळवून गुरुवारी १९ जूनला ४,२६० रुपये जमा झाले.

शेतकऱ्याच्या मोजणीत शुक्रवार ते गुरुवार सहा दिवस गेले. कागदावर कामकाजाचे दिवस फक्त चार झाले. कुणीही चूक केली नाही, कुठंही काही अडकलं नाही. हाच रिफंड मंगळवारी सकाळी मंजूर झाला असता तर शुक्रवारपर्यंत खात्यात दिसू शकला असता. म्हणून शक्य असेल तर परतीची वस्तू आठवड्याच्या सुरुवातीला विक्रेत्याकडे पोहोचेल असं बघा.

कामकाजाचे दिवस मोजायचे कसे?

रविवार, महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार आणि बँकांच्या सुट्ट्या सोडायच्या. मंजुरीचा दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून एक म्हणायचं. पहिला आणि तिसरा शनिवार बँका चालू असतात, पण अनेक पेमेंट कंपन्यांची कार्यालयं शनिवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस हिशेबात न धरलेला बरा.

लक्षात ठेवायची बाब म्हणजे सुट्टी आपल्या गावची नव्हे, फाईल जिथून जाते तिथली लागते. मुंबईत किंवा बंगळुरूमध्ये बँकेला सुट्टी असली तर यावलची शाखा उघडी असून उपयोग नाही.

एनईएफटी तर चोवीस तास चालते. मग रिफंडला सुट्टी कशाला?

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून सगळे दिवस, चोवीस तास चालते हे खरं. पण कार्डाचा रिफंड त्या रस्त्यानं येतच नाही. पैसे ज्या मार्गानं भरले त्याच मार्गानं परत द्यायचे, ग्राहकानं स्वतः दुसरा मार्ग मान्य केला तरच वेगळं, असं रिझर्व्ह बँकेनं पेमेंट कंपन्यांना मार्च २०२० च्या नियमांत सांगितलं आहे. नियम ग्राहकाच्या सोयीचाच आहे. नाहीतर चोरलेल्या कार्डानं खरेदी करून रिफंड भलत्याच खात्यात घेणं फार सोपं झालं असतं.

विक्रेता म्हणतो "पाठवले", शाखेत म्हणतात "आलेच नाहीत". खरं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा दोघंही. शाखेतला कर्मचारी आपलं खातं उघडून बघतो, तिथं जमा नाही, म्हणून नाही म्हणतो. कार्डाच्या फाईली शाखेत येतच नाहीत, त्या बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या कार्ड विभागात येतात. तेव्हा शाखेत तोंडी विचारून उपयोग नाही, हातात एआरएन हवा.

एआरएन म्हणजे विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेनं त्या रिफंडला दिलेला २३ अंकी क्रमांक. तो विक्रेत्याकडे मागायचा. विक्रेत्याला तो पेमेंट कंपनीच्या पोर्टलवर त्या रिफंडच्या तपशिलात दिसतो, बहुधा रिफंड निघाल्यावर एक-दोन दिवसांनी. ऑर्डर नंबर, रिफंड आयडी किंवा बिल नंबर घेऊन बँकेत गेलात तर बँक त्यावरून काहीच शोधू शकत नाही, ते क्रमांक विक्रेत्याच्या घरचे असतात.

हा क्रमांक स्वतःलाही थोडा वाचता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या रिफंडवर तो साधारण असा दिसतो (हा फक्त नमुना आहे):

```
74123455167000012345678
```

डावीकडून पहिला अंक सोडा. पुढचे सहा अंक विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेची ओळख. त्यानंतरचे चार, म्हणजे आठव्यापासून अकराव्यापर्यंतचे अंक, इथं 5167 आहेत. पहिला 5 म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, २०२५. उरलेले 167 म्हणजे वर्षातला १६७ वा दिवस, १६ जून. वरच्या पंपाच्या रिफंडची फाईल निघाली तोच सोमवार.

याचा उपयोग काय? विक्रेता "आम्ही १० तारखेलाच पाठवले" म्हणतो आणि एआरएनमधली तारीख १६ निघते, तर आधीचे सहा दिवस विक्रेत्याकडे किंवा पेमेंट कंपनीकडे गेले, बँकेकडे नाही. उलट त्या तारखेला सात कामकाजाचे दिवस उलटून गेले असतील तर आता बँकेला विचारायची वेळ झाली. बँकेत देताना एआरएन, रक्कम, रिफंडची तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार अंक लेखी द्या, आणि तक्रार क्रमांक घ्या. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा पिन कुणालाही द्यायची गरज नाही.

विक्रेता आठवडाभर एआरएन देतच नाही. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा रिफंड अजून निघालाच नाही. याचं एक कारण ग्राहकांना सहसा कळत नाही. विक्रेता रिफंड खिशातून देत नाही. पेमेंट कंपनीकडे त्याचे रोजच्या विक्रीचे जे पैसे जमा होतात, त्यातून तो वळता होतो. मोठ्या दुकानदाराकडे रोज विक्री असते, प्रश्न येत नाही. पण दिवसाला चार-पाच ऑर्डर असलेल्या लहान विक्रेत्याचं बघा. कालचे पैसे त्याच्या बँकेत गेले, आज विक्री झाली ९०० रुपयांची आणि रिफंड आहे ४,२६० चा. पेमेंट कंपनीकडे त्याची पुरेशी शिल्लक नाही, म्हणून विनंती रांगेत पडून राहते. ग्राहकाला मात्र "मंजूर" दिसत असतं. सणानंतर, परतीचा माल एकदम येतो तेव्हा, हे हमखास होतं.

अशा वेळी विक्रेत्याला सरळ विचारा: "रिफंड पेंडिंग आहे की प्रोसेस्ड?" पेंडिंग असेल तर त्यानं पेमेंट कंपनीकडच्या खात्यात रक्कम भरली की तो सुटतो. हे त्याच्या हातातलं काम आहे, बँकेचं नाव सांगून ते टळत नाही.

यूपीआयनं भरले होते. तेही इतके दिवस?

सहसा नाही. यूपीआयचा रिफंड बऱ्याचदा काही मिनिटांत ते एका दिवसात येतो, कारण तिथं खात्यात लगेच जमा करायची सोय आहे. तरीही काही पेमेंट कंपन्या रिफंड साठवून फाईलनं पाठवतात, तेव्हा दोन-चार दिवस लागतात. विक्रेत्याची शिल्लक कमी असण्याचा प्रश्न इथंही तसाच.

यूपीआयसाठी एआरएन नसतो, १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो रिफंडचा मागा, मूळ पेमेंटचा नव्हे. दोन्ही बारा अंकीच असल्यामुळे इथं नेहमी घोळ होतो. आणखी एक घोळ म्हणजे ॲपला दोन खाती जोडलेली असणं. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात, आज ॲपमध्ये कुठलं खातं पुढे ठेवलं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

खातं जिल्हा बँकेत किंवा नागरी सहकारी बँकेत आहे. जास्त वेळ लागतो का?

एखाद-दोन दिवस लागू शकतात. अनेक लहान सहकारी बँका पेमेंटच्या जाळ्यात थेट सदस्य नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या आधारानं जोडलेल्या असतात. म्हणजे फाईल आधी त्या मोठ्या बँकेकडे, मग आपल्या बँकेकडे. हात एक वाढला. पैसे बुडण्याची भीती यात नाही, पण तक्रार देताना "कार्ड विभाग कुठं आहे, तिथला मेल कोणता" हे शाखेतूनच विचारून घ्या.

मधल्या काळात एटीएम कार्ड बदललं. आता?

काळजी नको. डेबिट कार्ड हरवून नवं घेतलं किंवा मुदत संपली तरी जुना नंबर बँकेच्या नोंदीत त्याच खात्याशी जोडलेला असतो. खातंच बंद केलं असेल तर मात्र अडचण. मग रक्कम बँकेच्या मधल्या खात्यात पडून राहते किंवा आली त्या वाटेनं परत जाते, आणि दोन्हींत आठवडे जातात. एआरएन घेऊन जुन्या बँकेत अर्ज द्या, सोबत नव्या खात्याचा रद्द केलेला चेक. रिफंड बाकी असताना खातं बंद न करणं हेच शहाणपणाचं.

कॅश ऑन डिलिव्हरी होती, रोख दिले होते. रिफंड कसा?

इथं मूळ मार्गच नाही, म्हणून खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी मागतात. हा रिफंड एनईएफटी किंवा आयएमपीएसनं येतो आणि कार्डापेक्षा लवकर येतो. धोका एकच: पैसे खाते क्रमांकावर जातात, नाव जुळलं नाही तरी जमा होऊ शकतात. एक अंक चुकला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला तर ते परत मिळवणं जिकिरीचं. शाखा विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी टाकू नका, पासबुकाच्या पहिल्या पानापेक्षा चालू ॲपमधला कोड घ्या.

उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात दिवसाला १०० रुपयांची तरतूद आहे, पण ती फसलेल्या व्यवहारांसाठी. म्हणजे खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराकडे पेमेंट झाल्याची खात्रीच पोहोचली नाही, अशा वेळी. ऑनलाइन कार्ड व्यवहार असो की दुकानदाराला केलेलं यूपीआय, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढच्या दर दिवसाला भरपाई.

पेमेंट यशस्वी झालं, वस्तू आली, मग परत केली, हा फसलेला व्यवहार नाही. त्यावर हे १०० रुपये लागू होत नाहीत. बँकेशी याच मुद्द्यावर भांडून बरेच जण खरा मुद्दा, म्हणजे एआरएन, मागायचाच विसरतात.

क्रेडिट कार्डाचा रिफंड यायचाय. तोवर बिल भरू नये का?

भरा. रिफंड येणार आहे म्हणून देय तारीख थांबत नाही. देय तारखेआधी रिफंड जमा झाला तर बँकेनं तो लगेच बाकीतून वजा करायचा असतो. नंतर आला तर पुढच्या बिलात दिसतो. वाट बघत बिल थकवलं तर व्याज आणि दंड मात्र आपल्याच माथी.

मग तक्रार नक्की केव्हा आणि कुठं करायची?

मंजुरीनंतर तीन-चार कामकाजाचे दिवस शांत राहा. मग विक्रेत्याकडे एआरएन मागा. एआरएन मिळाला आणि त्यातल्या तारखेपासून सात कामकाजाचे दिवस झाले, तर बँकेत लेखी तक्रार. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. विचारणा करायची असेल तर क्रमांक १४४४८. ही सेवा मोफत आहे, मधे कुणाला पैसे देऊ नका.

विक्रेताच एआरएन देत नसेल तर लोकपाल कामाचा नाही, तो बँका आणि पेमेंट कंपन्यांसाठी आहे. तिथं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

"रिफंड अडकलाय, लिंक उघडून पिन टाका" असा फोन आला.

ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. रिफंडची वाट बघणारा माणूस इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधतो आणि तिथंच खोटा नंबर हाती लागतो. नंबर विक्रेत्याच्या ॲपमधूनच घ्या. पिन दिला गेलाच असेल तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन, मग बँकेला.

दहा दिवस झाले, पासबुकात विक्रेत्याचं नाव कुठंच नाही.

नावानं शोधू नका, रकमेनं शोधा. जमेच्या नोंदीत बऱ्याचदा पेमेंट कंपनीचं नाव किंवा नुसता क्रमांक असतो. रक्कमही हुबेहूब तीच असेल असं नाही, डिलिव्हरीचे ४० रुपये वजा होऊन ४,२६० चे ४,२२० झालेले असू शकतात, किंवा दोन वस्तूंचे दोन हप्ते आलेले असतात. एसएमएस आला नाही म्हणजे जमा झाली नाही असंही नाही. पासबुक भरून घ्या आणि मंजुरीच्या तारखेपासूनच्या सगळ्या जमा नोंदींवर एकदा बोट फिरवा.